लामणदिवा की नंदादीप, आणि तो खरंच पेशवेकालीन आहे का?

प्रश्न: आमच्या आजोळचा (राजापूरजवळ) देवघरात टांगलेला पितळी दिवा, घर बंद करताना माझ्याकडे आलाय. वर पक्षी, खाली पाच चोचींची वाटी, तिच्याखाली अजून एक छोटी वाटी, साखळी सव्वादोन फूट, वजन अडीच किलोच्या आसपास. आजी नंदादीप म्हणायची, मामा लामणदिवा म्हणतो. जुन्या वस्तू घेणाऱ्या एकाने पेशवेकालीन आहे सांगितलं. वाटीच्या पोटावर टिंबाटिंबांनी 'श्रीचरणीं ... शके १८३४ चैत्र' असं कोरलंय, मधलं नाव वाचता येत नाही. वय नक्की कसं काढायचं? घासून लख्ख करू का? भाऊ न्यू जर्सीला नेऊ म्हणतोय. आठ फोटो टाकलेत.

उत्तर:

ताई, आधी एक करा, ती चिंच आणि राख बाजूला ठेवा. घासू नका. का ते पुढे येईलच.

नावाचं भांडण सोपं आहे, आजी आणि मामा दोघंही बरोबर आहेत. लामणदिवा हे घडणीचं नाव, म्हणजे साखळीने टांगलेला किंवा साखळीला धरून नेता येईल असा दिवा, लग्नात वरमायेच्या हातात देतात तोही लामणदिवाच, गोव्यात त्यालाच लामणदिवो म्हणतात. नंदादीप हे कामाचं नाव. देवापुढे अखंड तेवत ठेवला की तो नंदादीप, मग ती समई असो, साधी पणती असो नाहीतर असा टांगलेला दिवा असो. तुमच्या आजीने तो देवघरात तेवता पाहिला म्हणून ती नंदादीप म्हणाली, मामाने वस्तू पाहिली. मला वहीत लिहायचं झालं तर मी लिहीन 'लामणदिवा, पाच वाती, नंदादीप म्हणून वापरात'.

नाव ठरवताना मी वस्तू कशासारखी दिसते हे शेवटी बघतो, आधी बघतो की ती उभी राहते का टांगते, हात कुठे लागत होता आणि आत घातलेलं तेल-पाणी कुठून बाहेर जात होतं. मागे एकाने साखळीला लटकणारं तांब्याचं भांडं आणलं, 'हा दिवा आहे, वाती लावायची जागा तेवढी तुटलीय' म्हणे. बुडाला मधोमध बारीक भोक. पिंडीवर टांगायचं अभिषेकपात्र होतं ते, दिवा कसला! तसंच खंडोबाच्या दिवटी-बुधलीतली बुधली सुटी सापडली की लोक तिला अत्तराची कुपी म्हणून विकतात, ती असते दिवटीवर घालायच्या तेलाची. तुमच्या वस्तूला चोची आहेत, चोचींत काजळी आहे, तेव्हा शंकाच नाही.

आता वय. इथे बहुतेक लोक चुकतात ते आकाराच्या नादाने. पक्षी मोरासारखा आहे, मान अशी वळवलीय, म्हणजे पेशवाई. असं नसतं हो. आमच्या घराण्यात कासारकाम होतं, मी स्वतः तीसेक वर्षं जुन्या भांड्यांतच आहे, आणि मला एवढं माहितीय की गिऱ्हाईक जुना दिवा दाखवून 'हुबेहूब असाच कर' म्हणतं आणि ओतारी जुन्यावरूनच नवा साचा घेतो. लग्नात आईकडे होता तसाच लेकीला हवा असतो. त्यामुळे एकच पक्षी दीडदोनशे वर्षं तसाच्या तसा ओतला जातो. आकारावरून नाव कळतं, फार तर प्रांत कळतो. सालासाठी जोड बघायचे, झीज बघायची, आणि नशीब असेल तर अक्षरं.

जोडांपासून घेऊ. लामणदिवा ही कधीच एक वस्तू नसते, कडी, साखळी, पक्षी, वाटी, खालची थेंब झेलायची वाटी, हे सगळं वेगवेगळं केलेलं असतं आणि शंभर वर्षांत त्यातलं काही ना काही बदललेलं असतंच. म्हणून 'दिव्याचं वय' असा प्रश्नच मी घेत नाही, प्रत्येक तुकड्याचं वेगळं घेतो. तुमच्या चौथ्या फोटोत खालची छोटी वाटी आट्यांवर फिरवून काढलेली दिसते. आटे बघा, सगळे सारख्या अंतरावर, सारख्या खोलीचे, कडा धारदार. मशीनवर पाडलेले आहेत ते. हाताने पाडलेले आटे डुगडुगतात, सुरुवातीला रुंद पुढे अरुंद होतात, एका दिव्याचा भाग दुसऱ्याला बसत नाही, म्हणून जुना कारागीर दोन्ही भागांवर कानशीने एकेक खूण करून ठेवायचा, खुणेला खूण जुळली की बरोबर बसलं. तुमच्याकडे तशी खूण नाही. शिवाय त्या वाटीचं पितळ वरच्यापेक्षा पिवळंजर्द आहे आणि आतून तिच्यावर किटण जवळपास नाहीच. ती नंतर बसवलीय, माझ्या अंदाजाने मूळची हरवल्यावर.

साखळी अजून मजेशीर. वरच्या नऊ कड्या ओतीव, जाड, मधे चिमटलेल्या इंग्रजी आठसारख्या. खालच्या चार कड्या तारेच्या, वाकवून टोकं नुसती भिडवलेली. म्हणजे खाली साखळी तुटली, कोणीतरी तार वळवून काम भागवलं. छताकडचा आकडा तर लोखंडी आहे, त्याच्यावरून काहीच ठरवू नका, तो कधीही बदलता येतो.

आता झीज, ही मला सगळ्यात आवडते कारण ती सहसा खोटं बोलत नाही. साखळीची कडी झिजते ती फक्त जिथे दुसरी कडी तिच्यावर टेकते तिथे, वरच्या आणि खालच्या वळणाच्या आतल्या बाजूला. बाजूचे दांडे तसेच जाड राहतात. तुमच्या ओतीव कड्यांपैकी एक व्हर्नियरने मोजा, दांड्यावर जाडी घ्या आणि वळणात घ्या. दांडा साडेपाच मिलिमीटर आणि वळण चार असं काही निघालं तर ती खरी झीज, आणि शेजारच्या कडीतही त्याला जोडीची खोबण सापडायला हवी, एकच कडी झिजली आणि दुसरी कोरी असं होत नाही. खोट्या मालात कडी सगळीकडून सारखी गुळगुळीत असते कारण ती बफवर किंवा वाळूच्या पिंपात फिरवलेली असते. फोटो सहामधे मला खोबणी दिसतायत, वरच्या कड्यांत जास्त. बरोबरच आहे, सगळा भार वर, आणि रोज तेल घालायला, वात सारायला दिवा हलवला की तिथेच घासणार. तारेच्या चार कड्यांत खोबण जेमतेम आहे.

मात्र या झिजेवरून साल काढायला जाऊ नका. रोज उतरवून घासलेला दिवा पन्नास वर्षांत जेवढा झिजेल तेवढा सणासुदीलाच निघणारा दोनशे वर्षांत झिजणार नाही. झीज खरी का खोटी एवढं सांगते, आणि एकाच वस्तूतला कुठला भाग आधीचा कुठला नंतरचा हे सांगते. किती वर्षं हे सांगत नाही.

पक्ष्याकडे या. घासणारा हात उंचवट्यावरून जातो, खाचेत जात नाही. म्हणून खऱ्या जुन्या पक्ष्याचा तुरा, चोच, छातीचा फुगवटा गुळगुळीत होतो, डोळा पुसट होतो, पण पंखाखालच्या आणि मानेच्या खाचेत रेघा धारदार राहतात आणि त्यांत काळं किटण बसलेलं असतं. आता कोणी जुन्या पक्ष्यावरून साचा घेऊन नवा ओतला तर काय होतं? उंचवटेही बोथट आणि खाचाही बोथट, सगळंच साबणासारखं मऊ. त्याहून गंमत म्हणजे जुन्याच्या अंगावरचे ओरखडेसुद्धा साच्यात उतरतात, भिंगातून बघितलं तर त्या ओरखड्यांच्या कडा गोल दिसतात, खऱ्या ओरखड्याची कड धारदार असते. शिवाय पितळ थंड होताना साधारण दीड टक्का आकसतं, त्यामुळे नक्कल मूळच्यापेक्षा किंचित लहान निघते, पण मूळ हातात असेल तरच ते मोजता येतं. सराफाकडचं दहा पटीचं भिंग यासाठी पुरेसं आहे. तुमच्या पक्ष्याच्या पंखाखाली रेघा व्यवस्थित धारदार दिसतायत, तो नक्कल नाही.

एक चूक मीही सुरुवातीला खूप केली ती सांगतो. वाटीच्या बुडाला आतबाहेर गोल गोल रेघा आणि मधोमध बिंदू दिसला की मी म्हणायचो लेथवरचं काम, म्हणजे नवीन. साफ चूक. हाताने पट्टा ओढून फिरवायचे चरक खूप जुने आहेत आणि त्यांच्याही अशाच रेघा पडतात. फरक असला तर एवढाच की हातचरकाच्या रेघा कमीजास्त खोल असतात, मोटरवरच्या ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या एकसारख्या. तेव्हा तुमच्या वाटीच्या रेघा बघून घाबरू नका.

चोची बघा आता. तिथे खरा वापर दिसतो. वात काडीने पुढे सारतात, त्यामुळे चोचीच्या पन्हळीत लांबीच्या दिशेने बारीक रेघा पडतात, आडव्या नाही. ज्योतीखालच्या ओठावर पितळ जरा खडबडीत आणि काळपट होतं. आणि पन्हळीच्या कोपऱ्यात वाळलेल्या तेलाचा थर, डांबरासारखा, कडक, नखाने निघत नाही, पाण्याने विरघळत नाही. कोकणात खोबरेल, करंजेल, उंडेल असं सगळंच जाळायचे, ते वर्षानुवर्षं सुकत जाऊन असं होतं. मुद्दाम जुना केलेला दिवा असेल तर हा काळेपणा सगळीकडे सारखा असतो, बुटाच्या पॉलिशचा नाहीतर धुराचा, आणि टर्पेंटाइनमधे बुडवलेला कापूस फिरवला की लगेच कापसावर येतो. हिरवा कळंक लावलेला असेल तर तो पोपटी, पावडरीसारखा असतो आणि ओल्या कापसानेही निघतो. तुमच्या पाचही चोची सारख्या काळ्या नाहीत हे मला फार आवडलं. दोन जास्त, तीन कमी. पाच वाती रोज कोण लावतंय? रोज एक नाहीतर दोन, सणाला पाच. घरातला दिवा असाच दिसतो.

वाटीच्या कडेला फोटोत जो लाल 'तांब्याचा मुलामा' वाटतो तो मुलामा नाही. पितळ म्हणजे तांबं अधिक जस्त, आणि चिंच, आमसूल, लिंबू असल्या आंबटाने वर्षानुवर्षं घासलं की पृष्ठभागातलं जस्त आधी निघून जातं, तांबं मागे राहतं, म्हणून तो गुलाबी-लाल डाग. पण एवढ्यावरून जुनं ठरत नाही, नवं भांडं रात्रभर आंबटात ठेवलं तरी लाल होतं. जुन्यात हा लालपणा हात जास्त फिरतो तिथे, म्हणजे काठावर आणि पोटावर येतो, खाचेत नाही. तुमच्यात तसाच आहे.

आता मुद्द्याची गोष्ट, अक्षरं. शकात ७८ मिळवले की इसवी सन, फक्त पौष-माघ-फाल्गुनात एक जानेवारी उलटून गेली असेल तर ७९. तुमचा चैत्र आहे, म्हणजे शके १८३४ चैत्र म्हणजे मार्च-एप्रिल १९१२. दुसरं, 'श्रीचरणीं' वर अनुस्वार आहे. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी गेले, तोवर सगळे द्यायचे. नंतरही जुन्या वळणाची माणसं देत राहिली म्हणून हा पक्का पुरावा नाही, पण मागाहून कोणी खोटी तारीख घातली असती तर हा अनुस्वार बहुतेक विसरला असता. तिसरं, टिंबं हातोडी आणि पंचने एकेक मारलेली आहेत, अंतर कमीजास्त. हल्ली भांड्यावर नाव घालतात ते इलेक्ट्रिक पेनने, ती रेघ थरथरणारी सलग असते.

पण तारीख कोरलीय म्हणजे दिवा त्याच साली केला असं नाही बरं का. जुनं भांडं देवाला वाहताना त्यावर नवी तारीख घालतात. तेव्हा कोरलं तेव्हा दिवा नवा होता का जुना होता हे बघायचं, आणि ते बघता येतं. पंच मारला की टिंबाभोवती धातूचा बारीक ओठ उठतो. वापरात तो घासून जातो. आधीपासून घासून घासून ओरखडे पडलेल्या वाटीवर टिंब मारलं तर टिंब ओरखड्यांना तोडतं, आणि टिंबाच्या तळाशीही चेपलेल्या जुन्या ओरखड्यांचा मागमूस राहतो. कोऱ्या वाटीवर मारलं असेल तर तळ स्वच्छ, आणि सगळे ओरखडे टिंबावरून पूल बांधल्यासारखे पलीकडे जातात. तुमच्या आठव्या फोटोत, जो तुम्ही अगदी जवळून घेतलाय, मला टिंबांचे तळ गुळगुळीत दिसतात, त्यात किटण बसलंय, आणि ओरखडे सगळे वरून गेलेत. एकही टिंब जुना ओरखडा तोडताना दिसत नाही. म्हणजे १९१२ साली ही वाटी नवी किंवा जेमतेम वापरलेली होती. पेशवाई १८१८ मधे संपली. शंभर वर्षं रोज घासलेल्या वाटीवर असं स्वच्छ टिंब बसत नाही.

हे स्वतः तपासा, फोटोवर मीही किती विसंबणार. भिंग घ्या, टॉर्च अगदी आडवा धरा, म्हणजे सावल्या पडतील. मधलं नावही तसंच वाचता येईल, टॉर्च वाटीभोवती फिरवत राहा, एका कोनात नाही दिसलेलं अक्षर दुसऱ्यात उठतं. नाही जमलं तर टिंबांवर अगदी हलक्या हाताने तांदळाचं कोरडं पीठ फिरवा आणि फुंकून टाका. आत राहिलेलं पांढरं वाचता येतं. खडू वापरू नका, ओरखडे पडतात.

कोणीतरी सांगेल की मशीनवर धातू तपासून घ्या, वय कळेल. नाही कळत. सराफाचं मशीन फक्त वरचा पापुद्रा वाचतं, आणि वरून जस्त गेलेलं असल्याने ते तांबं जास्त दाखवतं. बरं, आतलं खरं प्रमाण कळलं तरी काय? युरोपात जास्त जस्ताचं पितळ दिसलं की ते उशिराचं म्हणता येतं, आपल्याकडे राजस्थानात जावरला जस्त कितीतरी शतकं आधीपासून गाळून काढत होते, त्यामुळे ती फूटपट्टी इथे चालत नाही. वर कासार नेहमी मोड वितळवून ओततो. आजोबांची फुटकी कळशी, पणजोबांचा तांब्या, सगळं एका मुशीत. धातूचं वय आणि दिव्याचं वय यांचा संबंधच उरत नाही. कार्बन डेटिंग पितळाचं होतच नाही, काजळीचं झालं तरी ते शेवटी जळलेल्या तेलाचं होईल.

तर माझं मत असं. वाटी, पक्षी आणि वरच्या नऊ कड्या एका हाताच्या, १९१२ च्या किंवा फार तर थोड्या आधीच्या. पक्ष्याच्या शेपटीजवळचा जोड रिव्हेटचा आहे आणि वाटीच्या कानांचे रिव्हेटही तसेच, डोकी हाताने ठोकून पसरवलेली, म्हणून मी ते एका हाताचं म्हणतोय. खालच्या चार कड्या डागडुजीच्या, कधीच्या ते सांगता येणार नाही पण नंतरच्या. थेंबाची वाटी सगळ्यात अलीकडची. पेशवेकालीन सांगणाऱ्याला एकच विचारा, शके १८३४ त्याने वाचलं नव्हतं का? बहुतेक वाचलं असणार, किंमत वाढवायची नसेल तर तुम्हाला खूश करून बाकीची भांडी स्वस्तात काढायची असतील. हे फार चालतं.

एक गोष्ट मात्र मला खटकतेय आणि ती तुम्हालाच मामाला विचारावी लागेल. 'श्रीचरणीं' हे देवळाला वाहिलेल्या वस्तूवर घालतात तसं घरच्या देवावरही घालतात. पण घरच्या देवासाठी स्वतःच दिवा आणला तर त्यावर नाव आणि तिथी घालायची तशी गरज नसते. तुमच्या आजोळी एखाद्या देवळाची पूजा किंवा व्यवस्था होती का? देऊळ दुरुस्तीला काढलं म्हणून वस्तू मानकऱ्याच्या घरी आल्या आणि राहून गेल्या, असं कोकणात काही ठिकाणी मी पाहिलंय. नाव वाचलं की उलगडेल, ते नाव तुमच्या घराण्यातलं निघालं तर प्रश्नच मिटला.

साफ करायचंच असेल तर रिठ्याचं कोमट पाणी, मऊ ब्रश, चोचींना आणि टिंबांना हात लावू नका, आणि लगेच कोरडं करून अर्धा तास उन्हात ठेवा. आंबट नको, राख नको, बफ तर अजिबात नको. वर मी जे जे पुरावे म्हणून सांगितलं, टिंबांच्या कडा, पन्हळीतलं किटण, खाचेतला काळेपणा, ते एका दुपारच्या घासण्यात जातं आणि मग कोणी काही सांगू शकत नाही. लॅकरही मारू नका, पुढे परत वात लावलीत की ते जळून डाग पडतील.

भावाचं काय ते आता अवघड झालंय. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांच्या वर गेलेली अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, आणि तुमच्या दिव्यावर तर तारीखच कोरलीय, विमानतळावर कस्टम्सवाल्याला वाचायला सोपी! शंभरच्या आतली वस्तू असती तर पुरातत्त्व खात्याकडून ती पुरावस्तू नाही असा दाखला घेऊन नेता आली असती. भावाला फारच हौस असेल तर याच दिव्यावरून एखाद्या ओताऱ्याकडून नवा करून घ्या, फक्त साचा घेताना तो दिव्याला तेल किंवा ग्रीस फासेल, त्याआधी टिंबांचे जवळून फोटो काढून ठेवा. आणि ती खालची थेंबाची वाटी त्याने आत्ताच नेली तरी माझी हरकत नाही, ती काही शंभरीची नाही.